लॉजिस्टिक्स को-ऑर्डिनेटर म्हणजे नेमकं काम काय? भिवंडीतल्या एका जाहिरातीचा अभ्यास



भिवंडी तालुक्यात काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली या गावांच्या रस्त्याला गेलात की दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं दिसतात. मुंबईत माल नेला की जकात भरावी लागायची, भिवंडी त्या हद्दीच्या बाहेर होती. शिवाय नाशिकचा महामार्ग जवळ आणि न्हावा-शेवा बंदरही आवाक्यात. म्हणून व्यापाऱ्यांनी माल इथे ठेवायला सुरुवात केली. 2017 साली जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, पण गोदामं राहिली. आता समृद्धी महामार्गाचं मुंबईकडचं टोकही भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावाजवळच आहे.

आपल्या गटांतल्या बऱ्याच मुली आणि सुना या गोदामांत पॅकिंगला, लेबल लावायला जातात. त्याच गोदामाच्या छोट्या ऑफिसात टेबलावर बसून गाड्या सोडणारं एक पद असतं. त्याची जाहिरात गेटवर किंवा मोबाइलवर येते, पण नाव इंग्रजी असल्याने ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणून आपण पुढे जातो. या पाठात तशी एक जाहिरात घेऊ आणि तिच्यातली एकेक ओळ सोडवून पाहू. जाहिरात आणि त्यातले आकडे नमुन्याचे आहेत. कामाची रीत मात्र खरी आहे.

जाहिरात अशी असते

*पद: लॉजिस्टिक्स को-ऑर्डिनेटर, 1 जागा. ठिकाण: भिवंडी. कापडाची ट्रेडिंग फर्म.*
*काम: ऑर्डरप्रमाणे माल डिस्पॅच करणे, ट्रान्सपोर्टरशी बोलून गाडी लावणे, ई-वे बिल बनवणे, एलआर घेणे, गाडीचा फॉलोअप, पीओडी जमा करणे, भाड्याची बिलं तपासणे.*
*साधने: एक्सेल, टॅली, ई-वे बिल पोर्टल, व्हॉट्सॲप.*
*पात्रता: 12वी किंवा पदवी, हिंदी बोलता येणे, कॉम्प्युटरचे ज्ञान.*

या सगळ्याचा अर्थ एका ओळीत सांगायचा तर असा: माल आपल्या गोदामातून सुटल्यापासून समोरच्या पार्टीने तो मिळाल्याची सही करेपर्यंत तो कुठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याच्यासोबत कोणता कागद आहे, हे सांगता येणं. माल उचलायचं काम हमालांचं, गाडी चालवायचं काम ड्रायव्हरचं. कागद आणि माल यांचा मेळ ठेवायचं काम या पदाचं.

आता एकच माल धरू आणि त्याच्यामागून शेवटपर्यंत जाऊ.

आपला माल: भिवंडी ते नागपूर

समजा नागपूरच्या व्यापाऱ्याने 60 ताके कापड मागवलं. एका ताक्यात 100 मीटर, म्हणजे 6,000 मीटर. मीटरला 45 रुपये दर. माल झाला 2,70,000 रुपयांचा. कापडावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 13,500. बिल झालं 2,83,500 रुपयांचं. पाच-पाच ताक्यांची एक गाठ बांधली तर 12 गाठी होतात. एक गाठ 75 किलोची धरली तर एकूण वजन 900 किलो.

900 किलोसाठी कोणी अख्खा ट्रक करत नाही. असा माल ‘पार्ट लोड’ने जातो. आपण तो टेम्पोने भिवंडीतल्याच ट्रान्सपोर्टरच्या गोदामात पोहोचवतो. तिथे नागपूरला जाणारा बाकीच्या पार्ट्यांचा माल जमतो, ट्रक भरला की सुटतो. म्हणजे आपला माल दोन गाड्यांतून जातो. आधी टेम्पो, मग ट्रक. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण नवीन माणसाच्या हातून होणारी सगळ्यात महाग चूक इथेच होते.

पहिला कागद: ई-वे बिल

ई-वे बिल म्हणजे माल रस्त्यावर नेण्याचा सरकारी परवाना म्हणा. ते ewaybillgst.gov.in या पोर्टलवर बनतं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल जात असेल आणि किंमत 50,000 रुपयांच्या वर असेल तर ते लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल जात असेल तर ही मर्यादा 1 लाख रुपये आहे. किंमत कर धरून मोजायची. आपला माल 2,83,500 चा, म्हणजे ई-वे बिल लागणारच.

भिवंडीसाठी एक सवलत कामाची आहे. सूत, कापड किंवा तयार कपडे जॉबवर्कसाठी महाराष्ट्रातच 50 किलोमीटरच्या आत न्यायचे असतील, तर किंमत कितीही असली तरी ई-वे बिल लागत नाही. गोदामातून यंत्रमागावर सूत पाठवताना हीच सवलत वापरतात. चलन मात्र सोबत द्यावंच लागतं. आपला नागपूरचा माल विक्रीचा आहे, त्याला ही सवलत नाही.

ई-वे बिलाचे दोन भाग असतात. पार्ट ए मध्ये मालाची माहिती: कोणी पाठवला, कोणाला, बिल नंबर, किंमत, कोणता माल, आणि ट्रान्सपोर्टरचा आयडी. पार्ट बी मध्ये गाडीची माहिती, म्हणजे गाडीचा नंबर.

बिलाची मुदत किती? साध्या मालाला दर 200 किलोमीटरला किंवा उरलेल्या तुकड्याला 1 दिवस. भिवंडी-नागपूर अंतर पोर्टलने 720 किलोमीटर दाखवलं असं धरू. 200 चे तीन भाग म्हणजे 600, उरले 120, त्यालाही पूर्ण दिवस. म्हणजे 4 दिवस. तुमच्या एक्सेलच्या नोंदवहीत अंतर बी-2 या रकान्यात असेल तर हे सूत्र टाका, ते दिवस काढून देईल:

```
=ROUNDUP(B2/200,0)
```

दिवस मोजायची रीत जरा वेगळी आहे. पार्ट बी पहिल्यांदा भरला की घड्याळ सुरू होतं, आणि पहिला दिवस संपतो दुसऱ्या दिवशीच्या रात्री 12 वाजता. शुक्रवारी संध्याकाळी भरलं तर पहिला दिवस शनिवारी मध्यरात्री संपेल, दुसरा रविवारी, तिसरा सोमवारी, चौथा मंगळवारी मध्यरात्री.

चूक कुठे होते?

शुक्रवारी संध्याकाळी टेम्पो आला. नवीन माणूस पार्ट ए भरतो आणि त्याच झपाट्यात पार्ट बी मध्ये टेम्पोचा नंबर टाकतो. बिल तयार झालं, माल गेला, सगळं बरोबर झालं असं वाटतं.

पण ट्रान्सपोर्टरकडे ट्रक भरायला वेळ लागला. ट्रक सुटला रविवारी रात्री. इकडे घड्याळ शुक्रवारीच सुरू झालेलं. चारपैकी दोन दिवस माल भिवंडीतच पडून संपले. वर ट्रकचा नंबर वेगळा, आणि बिलावर अजून टेम्पोचाच नंबर. रस्त्यात तपासणी झाली तर अधिकारी आधी गाडीचा नंबर आणि बिलावरचा नंबर जुळवून पाहतो. नंबर जुळला नाही किंवा मुदत संपलेली असली, तर गाडी आणि माल अडवून ठेवता येतो. मालकाने येऊन माल सोडवला तर दंड कराच्या दुप्पट. आपल्या मालावर कर 13,500, म्हणजे दंड 27,000 रुपये. याच मालाचं नागपूरपर्यंतचं भाडं किलोला 6 रुपये धरलं तर 5,400 येतं. एका नंबरापायी भाड्याच्या पाचपट रक्कम जाते.

बरोबर रीत अशी. आपल्या गोदामापासून ट्रान्सपोर्टरच्या गोदामापर्यंतचं अंतर राज्यातच आणि 50 किलोमीटरच्या आत असेल, आणि माल तिथून पुढे जायचा असेल, तर टेम्पोसाठी पार्ट बी भरायची सक्ती नाही. तुम्ही पार्ट ए भरा, ट्रान्सपोर्टरचा आयडी टाका, त्या पावतीची प्रत आणि बिल टेम्पोवाल्याला द्या. ट्रक भरला की ट्रान्सपोर्टर स्वतः ट्रकचा नंबर पार्ट बी मध्ये भरतो. घड्याळ तेव्हा सुरू होतं. ट्रक रविवारी रात्री सुटला तर चार दिवस पुढच्या गुरुवारी मध्यरात्री संपतील. तेच टेम्पोचा नंबर टाकला असता तर मंगळवारीच संपले असते.

तरी तुमचं काम संपत नाही. ट्रान्सपोर्टर विसरू शकतो. ट्रक सुटायच्या वेळी फोन करून विचारायचं, ‘भाऊ, पार्ट बी भरला का? गाडी नंबर सांगा.’ मग पोर्टलवर बिल उघडून तोच नंबर दिसतो का ते डोळ्याने पाहायचं. फोनवरच्या ‘हो ताई, भरला’ वर नोंदवहीत बरोबरची खूण करू नका. पोर्टलवर दिसेल तेव्हाच करा.

वाटेत गाडी बिघडली तर?

समजा ट्रक मेहकरच्या आसपास बंद पडला आणि माल दुसऱ्या ट्रकमध्ये चढवला. नवीन ट्रक हलण्याआधी पार्ट बी मध्ये त्याचा नंबर भरला पाहिजे. तो ट्रान्सपोर्टरने भरायचा असतो. नंबर बदलला म्हणून मुदत वाढत नाही, जुनीच चालू राहते.

मुदत कमी पडत असेल तर ती वाढवता येते, पण त्याची खिडकी लहान आहे. मुदत संपायच्या आधीचे 8 तास आणि नंतरचे 8 तास. गुरुवारी मध्यरात्री मुदत संपणार असेल तर गुरुवारी दुपारी 4 पासून शुक्रवारी सकाळी 8 पर्यंत. वाढवायचं काम, ज्याच्या ताब्यात त्या वेळी माल आहे त्या ट्रान्सपोर्टरचं. म्हणून तुमच्या नोंदवहीत ‘मुदत कधी संपते’ असा रकाना हवा, आणि रोज दुपारी 3 वाजता तो एकदा वरून खाली वाचायचा. आज रात्री संपणारं बिल दिसलं आणि माल पोहोचला नसेल तर लगेच फोन. ही दहा मिनिटांची सवय म्हणजेच जाहिरातीतला ‘फॉलोअप’.

बिल चुकीचं बनलं तर 24 तासांच्या आत ते रद्द करता येतं. म्हणून बनवल्यावर लगेच एकदा बिल नंबर, किंमत आणि पार्टीचा जीएसटी नंबर मूळ बिलाशी ताडून घ्या. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तर उशीर झालेला असू शकतो.

दुसरा कागद: एलआर, म्हणजे बिल्टी

ट्रान्सपोर्टरने माल ताब्यात घेतला की तो पावती देतो. तिला बाजारात बिल्टी म्हणतात, ऑफिसात एलआर म्हणतात. माल हरवला, कमी निघाला, भिजला, तर भांडायला हाच कागद. तो हातात आल्यावर चार गोष्टी वाचा.

पहिली, नग. 12 गाठी दिल्या तर 12 लिहिलंय का? दुसरी, वजन. बिल्टीवर कधी कधी खरं वजन वेगळं आणि भाडं लावायचं वजन वेगळं लिहिलेलं असतं. माल फुगीर असला तर ट्रान्सपोर्टर जास्त वजन धरतो. ते आधी ठरलं होतं का, हे विचारा. तिसरी, भाडं कोण देणार. ‘पेड’ म्हणजे आपण दिलं, ‘टू पे’ म्हणजे माल घेणारी पार्टी देणार, ‘टू बी बिल्ड’ म्हणजे नंतर आपल्याला बिल येणार. पार्टीशी ठरलंय एक आणि बिल्टीवर दुसरं, असं झालं तर नागपूरला माल दारात थांबतो आणि फोन तुम्हाला येतो. चौथी, आपला बिल नंबर आणि ई-वे बिल नंबर.

तिसरा कागद: पोहोच

जाहिरातीत ‘पीओडी’ लिहिलं होतं. साध्या भाषेत पोहोच. माल मिळाल्यावर पार्टी बिल्टीच्या प्रतीवर सही-शिक्का करते, ती प्रत परत आपल्याकडे आली पाहिजे.

इथे एक बारकावा आहे. समजा 12 पैकी 11 गाठी पोहोचल्या. पार्टीने गडबडीत नुसती सही केली तर कागद सांगतो की माल पूर्ण मिळाला. मग ट्रान्सपोर्टर ऐकत नाही. म्हणून माल पोहोचायच्या दिवशी सकाळीच पार्टीला मेसेज टाकायचा: ‘गाठी मोजून घ्या. कमी किंवा भिजलेली असेल तर सही करण्याआधी बिल्टीवर तसं लिहा आणि फोटो पाठवा.’ ‘1 गाठ कमी, 11 मिळाल्या’ एवढं वाक्य पुरे. एका गाठीत 500 मीटर, 45 रुपयांनी 22,500 रुपयांचा माल. तो वाचतो की बुडतो हे या एका ओळीवर ठरतं. पुढे ट्रान्सपोर्टरला लेखी नोटीसही द्यायची असते. रस्ता वाहतुकीच्या 2007 च्या कायद्याप्रमाणे ती माल बुक केल्यापासून 180 दिवसांच्या आत दिली नाही तर दावा लावता येत नाही. नुसत्या फोनवरच्या तक्रारी नोटीस म्हणून धरल्या जात नाहीत.

महिनाअखेर: भाड्याचं बिल

ट्रान्सपोर्टरचं बिल आलं की प्रत्येक ओळ बिल्टीशी लावून पाहायची. आपल्या मालाचं वजन 900 किलो, बिलात 1,050 लिहिलंय असं समजा. फरक 150 किलोचा, 6 रुपयांनी 900 रुपये. एका खेपेत रक्कम छोटी वाटते. महिन्याला 30 खेपा असतील आणि सगळ्यांत असंच असेल तर 27,000 होतात. पोहोच आली नसेल त्या खेपेचं बिल बाजूला ठेवायचं. पास करायचं की नाही ते मालक ठरवतो, फरक काढून त्याच्यासमोर ठेवायचं काम तुमचं.

मग यासाठी काय यायला हवं?

साधनांची यादी मोठी दिसते, पण रोजचं काम तीन गोष्टींवर चालतं. एक्सेलमध्ये नोंदवही भरता येणं, पोर्टलवर न चुकता नंबर टाइप करता येणं, आणि फोनवर हिंदीत स्पष्ट बोलता येणं. टॅलीत बिल बहुतेक अकाउंटंट बनवतो, तुम्हाला ते उघडून वाचता आलं तरी सुरुवातीला चालतं. ज्यांनी एमएस-सीआयटी केलंय त्यांना एक्सेल नवीन नाही. ज्या ताई गटाचं लेखा पुस्तक लिहितात, बँक पासबुकाशी ताळमेळ लावतात, त्यांना भाड्याचं बिल बिल्टीशी लावणं अवघड जाणार नाही. नवीन शिकायचं ते शब्द, पोर्टल आणि वेळेचा हिशोब.

अवघड भागही सांगायला हवा. ट्रक बहुतेक संध्याकाळी भरतात आणि रात्री सुटतात. ऑफिस सहाला सुटलं तरी फोन दहाला वाजतो. शहापूर, वाडा किंवा मुरबाडकडून येणाऱ्या बाईला परतीची गाडी हा खरा प्रश्न असतो.

मुलाखतीत तुम्ही विचारायचे प्रश्न

1. शेवटची गाडी किती वाजता भरते? उशीर झाला तर घरी जायची सोय कोण करतं? रात्रीचे फोन रोज कोण घेतं?

2. पोर्टलवर मला माझं वेगळं लॉगिन मिळेल का? मालकाला आपल्या खात्यातून कामगारासाठी उप-वापरकर्ता बनवता येतो. सगळ्यांनी एकाच लॉगिनने काम केलं तर चुकीचं बिल कोणी बनवलं ते ओळखू येत नाही, आणि बोट नवीन माणसाकडे वळतं.

3. दंड बसला तर तो कोण भरतो? माझ्या पगारातून कापणार का? उत्तर नेमणुकीच्या पत्रात लिहून मागा.

4. फोन आणि रिचार्ज कंपनीचा की माझा?

मूळ मार्कशीट किंवा आधार कार्ड कोणी ठेवून घेऊ लागलं तर देऊ नका, झेरॉक्स द्या.

गटाच्या बैठकीत सोडवा

1. अंतर 410 किलोमीटर. पार्ट बी सोमवारी सकाळी 11 वाजता भरला. मुदत कधी संपेल?

2. बिल 92,000 रुपयांचं, कर धरून, विक्रीचा माल. तो भिवंडीहून सांगलीला गेला तर ई-वे बिल लागेल का? सुरतेला गेला तर?

3. पार्टीने 12 गाठींवर सही केली आणि दोन दिवसांनी फोन केला की एक गाठ फाटलेली होती. तुमच्याकडे कोणते कागद आहेत, आणि कोणता नाही?

*उत्तरे:* पहिल्याचं उत्तर 3 दिवस, गुरुवारी मध्यरात्री. दुसऱ्यात सांगलीला लागत नाही, कारण राज्यातल्या राज्यात 1 लाखाची मर्यादा आहे. सुरत गुजरातमध्ये, मर्यादा 50,000 ची, म्हणून लागेल. तिसऱ्यात बिल आहे, बिल्टी आहे, पोहोचही आहे, पण पोहोचेवर शेरा नाही. गाठ वाटेतच फाटली हे आता सिद्ध करणं कठीण. तरी फोटो मागवा आणि ट्रान्सपोर्टरला लगेच लेखी कळवा.